खातं आईचं, टिक कुणाची? बँकेच्या शाखांमधल्या मॅनेजर आणि काउंटरवरच्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी तुमच्यातलाच. नोकरी सगळी काउंटरच्या त्या बाजूला गेली, आता रिटायर झाल्यावर ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांचे बँकेचे कागद बघून देतो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. गर्दी किती असते, सिस्टीम मधेच कशी बसते, महिनाअखेरीला काय होतं, सगळं माहीत आहे. तरी पण एका गोष्टीबद्दल बोलायचंच आहे.

वयस्कर आई किंवा वडील मुलाला नाहीतर मुलीला घेऊन येतात आणि म्हणतात माझ्या सेव्हिंग खात्यात हिचं नाव टाका. तुम्ही नाव वाढवायचा फॉर्म काढता, मुलीचं आधार पॅन फोटो घेता, तिचा कस्टमर आयडी आधीपासून असला तर अजून सोपं, मग फुल्या मारून देता इथे सही, इथे सही, आणि काम झालं. त्या फॉर्मवर मधेच एक रकाना असतो मोड ऑफ ऑपरेशन म्हणजे खातं कोण कसं चालवणार, आणि तो बहुतेक वेळा तुम्हीच भरता, आयदर ऑर सर्व्हायव्हरवर टिक, न विचारता, कारण सगळे तेच घेतात. माझं सगळं पत्र त्या एका टिकबद्दल आहे.

आई संमती देते ती नाव घालायला. पण नाव घालण्याचा नेमका अर्थ काय हे त्या टिकनेच ठरतं, आणि ती टिक आईने केलेलीच नसते. मग तिची संमती नक्की कशाला होती?

तुम्हाला हे माहीतच आहे पण हे पत्र ज्यांच्या घरात वाचलं जाईल त्यांच्यासाठी सांगतो. आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटं, दुसऱ्याला न विचारता, कितीही रक्कम काढू शकतं, मुलीला स्वतःचं एटीएम कार्ड मिळू शकतं, नेट बँकिंग मिळू शकतं, चेकवर तिची एकटीची सही चालते, आणि एक गेलं की उरलेली रक्कम बँक जी मागे राहिली तिला देते. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे आई आहे तोवर खातं फक्त आईच चालवणार, मुलीचं नाव कागदावर असेल पण ती एक रुपया काढू शकणार नाही, तिचा नंबर आई गेल्यानंतर. आणि तिसरा प्रकार जॉइंटली, प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. तीन पूर्ण वेगळ्या व्यवस्था आहेत ह्या आणि घरी त्या सगळ्यांना एकच नाव, जॉइंट खातं.

आता आईला काय हवं असतं? मी खूप जणांशी बोललोय, बहुतेकांचं उत्तर दोनातलं एक असतं. एक, मी आजारी पडले तर हिला पैसे काढता यायला हवेत. दोन, मी गेल्यावर हिला बँकेत खेटे घालायला लागू नयेत. पहिलं हवं असेल तर आयदर ऑर सर्व्हायव्हरच लागतं, फॉर्मरने काम होणार नाही, आई आयसीयूत असताना फॉर्मरवाली मुलगी काउंटरवर नुसती उभी राहील. पण फक्त दुसरंच हवं असेल तर फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर पुरतं आणि आईचा ताबा आईकडेच राहतो. हा फरक दोन मिनिटात सांगून होतो. "आजी, तुम्ही बऱ्या असताना पण हिला तुम्हाला न विचारता पैसे काढता यावेत का, का फक्त तुमच्यानंतर?" एवढा एकच प्रश्न. मराठीत, मोठ्याने, सावकाश, आणि शक्य असेल तर मुलगी जरा बाजूला बसलेली असताना. मुलीवर संशय म्हणून नाही. आई मुलीसमोर नाही म्हणत नाही म्हणून.

एक आकड्यांचं उदाहरण घेतो, खरं कुणाचं नाही, पण असंच घडतं. समजा आई ७८ वर्षांची, वडील आधीच गेलेले, तीन मुलं, एक मुलगा दोन मुली. धाकटी मुलगी आईजवळ राहते. खात्यात ६,३०,००० रुपये. धाकटीचं नाव घातलं, आयदर ऑर सर्व्हायव्हर, आणि बाकी दोघांना कुणी काही बोललं नाही कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पुढे आई दवाखान्यात, धाकटीने १,८०,००० काढून बिलं भरली, सगळं आईसाठीच. मग आई गेली. उरले ४,५०,०००. धाकटी मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत आली, तिने ओळखपत्र दिलं, आणि कोर्टाचा मनाई हुकूम वगैरे काही नसल्यामुळे बँकेने बरोबर नियमाप्रमाणे पैसे तिला मोकळे केले. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलेलं नाही.

आता भाऊ विचारतो आमचा हिस्सा? धाकटी म्हणते आईने खातं माझ्या नावावर केलं होतं, बँकेने पण मलाच दिलं. आणि ती खोटं बोलत नाहीये, तिला खरंच तसं वाटतं, कारण तिला कुणी कधी दुसरं काही सांगितलंच नाही. पण बँकेने सर्व्हायव्हरला पैसे दिले म्हणजे बँक सुटली, एवढाच त्याचा अर्थ. पैसा कुणाचा हे त्याने ठरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ९ जून २००५ च्या सर्क्युलरमधे पण हेच होतं, सर्व्हायव्हरला पैसे वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून मिळतात हे त्याला स्पष्ट सांगा असं बँकांना बजावलेलं होतं. आणि कोर्टाच्या पातळीवर तर हे खूप जुनं आहे, १९२८ साली प्रिव्ही काउन्सिलने नवराबायकोच्या अशाच खात्याबद्दल निकाल दिला होता, की नवऱ्याने स्वतःचे पैसे दोघांच्या नावावर कुणालाही किंवा मागे राहील त्याला मिळतील असे ठेवले एवढ्यावरून बायकोला ते भेट दिले असं धरता येत नाही, तसा हेतू वेगळा दिसायला हवा. तेव्हा आईचं मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल तर त्या ४,५०,००० चे तीन सारखे भाग, प्रत्येकी १,५०,०००. आईला खरंच सगळं धाकटीलाच द्यायचं असेल, आणि सेवा केली म्हणून तसं वाटणं अगदी समजण्यासारखं आहे, तर तिने मृत्युपत्रात लिहायला हवं. नाव घालून ते होत नाही.

आणि ते १,८०,०००? त्याचा पण हिशोब मागितला जातो. धाकटीने बिलं ठेवली असतील तर पाच मिनिटांचा विषय, नसतील तर भावाबहिणींमधे कायमची कटुता. म्हणून मुलांना पण काउंटरवरच सांगा की या खात्यातून फक्त आईचाच खर्च करा, स्वतःचा पगार यात आणू नका, बिलांची फाइल ठेवा. हे सांगणं नोकरीच्या यादीत बसत नाही हे मान्य, पण सांगायची संधी फक्त तुम्हालाच मिळते, त्या दिवशी ती दोघं तुमच्यासमोर बसलेली असतात.

पुढचा मुद्दा नॉमिनीचा, आणि इथे शाखेत फार ढिलाई दिसते. वरच्या उदाहरणात समजा आईने पूर्वी मुलाला नॉमिनी केलं होतं. घरी सगळ्यांची समजूत अशी की धाकटी खातं चालवेल आणि आई गेल्यावर पैसे भावाला. तसं होत नाही. जॉइंट खात्यात नॉमिनीचा प्रश्न सगळे खातेदार गेल्यानंतरच येतो, म्हणजे धाकटी हयात असेपर्यंत भावाचं नॉमिनेशन झोपलेलं. त्यामुळे नाव घालताना नॉमिनेशनचा फॉर्म पण त्याच वेळी नव्याने भरून घ्या, दोघींच्या सहीने, आणि आईला सांगा की आता क्रम असा असा झाला. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि टक्के पण लिहिता येतात, मग ज्या आईला फक्त "माझ्यानंतर मुलांची धावपळ नको" एवढंच हवंय तिने खातं स्वतःच्या एकटीच्या नावावर ठेवून तिन्ही मुलांना नॉमिनी केलं तर तिचं काम होतंय. नाव घालायची गरजच नाही. हे तुम्ही सुचवलंत तर कितीतरी घरं वाचतील. (नॉमिनी पण मालक नसतोच, तो पण वारसांसाठीच पैसे घेतो, सुप्रीम कोर्टाने बँक खात्याबद्दल हे २०१० मधे स्पष्ट केलंय, पण निदान तिघांच्या हातात तीन भाग जातात म्हणून भांडणाला जागा कमी.)

आता मोबाइल नंबर. ही गोष्ट छोटी वाटते पण मला सगळ्यात जास्त हीच खटकते. नाव घालताना मुलगा म्हणतो आईला मेसेज वाचता येत नाहीत, माझाच नंबर टाका, आणि तुम्ही टाकता. त्या क्षणापासून आईला तिच्याच खात्यात काय चाललंय ते कळायचं बंद होतं, पेन्शन आली का, कुणी किती काढले, काहीच नाही, ओटीपी पण मुलाकडे. बहुतेक मुलं चांगली असतात हे मला मान्य आहे, पण चांगल्या मुलाला पण आईकडे मेसेज जाण्याची अडचण व्हायचं कारण नाही. पहिली खातेदार आईच राहू दे, व्याज तिच्याच पॅनला लागतं, ज्येष्ठ नागरिकांच्या कराच्या सवलती तिलाच मिळतात, आणि नोंदवलेला नंबर पण तिचाच राहू दे, साधा बटणांचा फोन असला तरी. मुलाचा नंबर त्याच्या स्वतःच्या कस्टमर आयडीला असतोच. आईने स्वतः सांगितलं की नंबर बदला तर बदला, मुलाने सांगितलं म्हणून नको.

मुलाच्या बाजूची अजून एक गोष्ट आईला कुणी सांगत नाही. मुलाकडे आयकराची थकबाकी असेल तर आयकर विभाग या जॉइंट खात्यापर्यंत पोचू शकतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचे हिस्से सारखे धरले जातात, म्हणजे आईच्या निम्म्या पैशांवर प्रश्न उभा राहतो आणि ते पैसे माझेच आहेत हे तिने सिद्ध करत बसायचं. तसंच मुलाने धंद्याचं पेमेंट या खात्यावर घेतलं आणि त्यात फसवणुकीच्या तक्रारीतली रक्कम आली तर खातं गोठतं, आणि आईच्या औषधांचे पैसे अडकतात. ज्या मुलाचं कर्ज, धंदा, कोर्टकज्जे चालू आहेत त्याच्याऐवजी दुसऱ्या भावंडाचं नाव घालणं बरं, हे आईला निदान कळलं तर पाहिजे.

बऱ्याच वेळा नाव घालायची घाई कशामुळे होते? आई अंथरुणाला खिळली, आता बँकेत कोण जाणार म्हणून. आणि शाखेतून उत्तर मिळतं, जॉइंट करा नाहीतर त्यांना घेऊन या. मंडळी, हे उत्तर चुकीचं आहे. आजारी, म्हाताऱ्या, सही न करू शकणाऱ्या खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेने सोय आधीच सांगितलेली आहे. अंगठा उठत असेल तर अंगठा, हाताचा जमत नसेल तर पायाचा, बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. अंगठा पण शक्य नसेल तर नुसती खूण, तशाच दोन साक्षीदारांसमोर, आणि पैसे प्रत्यक्ष कोण घेऊन जाईल ते खातेदाराने सांगायचं, त्या व्यक्तीची ओळख पण साक्षीदारांनी द्यायची आणि तिची सही बँकेने घ्यायची. शिवाय ९ नोव्हेंबर २०१७ च्या सर्क्युलरप्रमाणे ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरी रोकड पोचवणं, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून घेणं या सोयी द्यायला बँकांना सांगितलंय. म्हणजे आईला जॉइंट करायचं नसेल तर तिच्यापुढे दुसरा रस्ता आहे, आणि तो तिला तुम्ही दाखवायचाय. सक्तीने दिलेली संमती ही संमती नव्हे.

आणि जॉइंट करायचंच ठरलं तर त्यासाठी पण घरी जा. फॉर्म मुलाच्या हाती देऊन "सही घेऊन या" म्हणू नका. त्या कागदाने खात्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते, तेव्हा सही करणारं माणूस अधिकाऱ्याला दिसायलाच हवं.

इथे एक अवघड जागा आहे. शरीर थकलं आणि डोकं शाबूत आहे, तिथे वरची सगळी सोय चालते. पण स्मृतिभ्रंश असेल, आईला समोर कोण बसलंय ते कळत नसेल, तिथे अंगठा उठवला तरी ती संमती होत नाही, कितीही साक्षीदार असले तरी. ओळखायचं कसं? डॉक्टर व्हायची गरज नाही. साध्या गप्पांत विचारा, हे खातं कुठलं, यात साधारण काय जमा होतं, मुलं किती, आज काय करायला आलाय आपण, आणि हे केल्यावर ही काय करू शकेल. उत्तरं मोडकी तोडकी असली तरी चालतील, आकडा चुकला तरी चालेल, पण ही माझी मुलगी आणि आता ती माझे पैसे काढू शकेल एवढं तिच्या तोंडून यायला हवं. कधी कधी सकाळी माणूस ठीक असतं आणि संध्याकाळी गोंधळतं, तेव्हा शंका असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत विचारा, डॉक्टरांचं पत्र मागा. आणि नाहीच कळत असं दिसलं तर नाव घालू नका, मुलं कितीही चिडली तरी. त्यांना सांगा की आता कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल. त्यांनी कुलमुखत्यारपत्र आणलं असेल तरी सावध राहा, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की साधं मुखत्यारपत्र संपतं, ही गोष्ट कित्येक घरांना अगदी नेमक्या गरजेच्या वेळी कळते. म्हणूनच जे लोक अजून सुदृढ आहेत त्यांच्याशी हा विषय तुम्ही आधीच काढलात तर बरं, हयातीचा दाखला द्यायला येतात तेव्हा काढा.

पेन्शनच्या खात्याचं पण लगेच सांगून टाका. सरकारी पेन्शन जिथे जमा होते तिथे जॉइंट खात्याची सोय जोडीदारासाठी आहे, मुलाचं नाव घालायला गेलं की अडतं, मग दोन तीन चकरा झाल्यावर ते कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगा की पेन्शनचं खातं आहे तसं ठेवा आणि खर्चासाठी दुसरं सेव्हिंग खातं जॉइंट काढा, त्यात महिन्याला लागेल तेवढी रक्कम वळवा. खरं तर पेन्शन नसणाऱ्यांसाठी पण मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो. सगळी पुंजी ज्या खात्यात आहे त्यात नाव घालण्यापेक्षा दुसरं छोटं खातं, त्यात तीन चार महिन्यांचा खर्च आणि दवाखान्याची सुरुवातीची रक्कम, आयदर ऑर सर्व्हायव्हर. मुलीला अडीअडचणीला हात घालायला जागा मिळते आणि आईची बाकी शिल्लक तिच्याच ताब्यात राहते. वरच्या उदाहरणातल्या आईने ६,३०,००० मधले २,००,००० असे वेगळे काढले असते तर दवाखान्याचं बिल पण भागलं असतं आणि भावाबहिणीत मोजायचं काही फार उरलं नसतं.

शेवटचं, बाहेर पडायचा रस्ता. नाव घालताना तो कुणीच सांगत नाही. आईला पुढे वाटलं की नको, काढून टाका हिचं नाव, तर तिच्या एकटीच्या अर्जाने नाव निघत नाही, मुलीची पण सही लागते. घालायला जेवढं सोपं तेवढं काढायला नाही, हे सही करायच्या आधी आईला कळलं पाहिजे. पण ती अगदीच हतबल पण नाही. एका खातेदाराने लेखी कळवलं की एकटीच्या सहीवरचे व्यवहार थांबवा, तर ते पत्र मिळाल्यापासून दोघींच्या सह्यांशिवाय पैसे द्यायचे नाहीत ही बँकांची नेहमीची पद्धत आहे. असं पत्र घेऊन कुणी म्हातारी आली तर "आधी घरी बोलून या" म्हणून परत पाठवू नका. तिने घरी बोलून झालेलं असतं. पत्र घ्या, पोच द्या तारीख वेळेसकट, आणि त्याच मिनिटाला सिस्टीममधे एकटीचे व्यवहार थांबवा, कार्ड आणि नेट बँकिंगसकट, कारण चेक थांबवला आणि कार्ड चालू राहिलं असं होतं आणि मग तासाभरात खातं रिकामं.

माझी मागणी फार नाही. मोड ऑफ ऑपरेशनचा रकाना खातेदाराने स्वतःच्या हाताने भरावा, हात थरथरत असेल तर तिने तोंडाने सांगावं आणि तुम्ही तिच्यासमोर भरून बाजूला तिची सही किंवा अंगठा घ्यावा. आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स, नॉमिनेशनच्या पोचीसकट, आईच्या हातात द्यावी, मुलाच्या नाही. पासबुकात पहिल्या पानावर ऑपरेशनचा प्रकार छापून येतो का ते बघा, नसेल येत तर हाताने लिहून शिक्का मारा. आणि ज्यांची खाती आधीच अशी न विचारता झालेली आहेत ती म्हातारी माणसं पुढच्या वेळी केवायसीला येतील तेव्हा त्यांना तो एक प्रश्न विचारा, आणि उत्तर वेगळं आलं तर मोड बदलायचा फॉर्म तिथेच काढा, मुलगा सोबत असेल तर त्याची सही पण त्याच दिवशी होऊन जाईल.

तुमचाच,
एक निवृत्त बँक कर्मचारी